फुली न पडलेले घर

१९८३ सालची गोष्ट. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायला लागून मला जेमतेम दोन वर्षे झाली होती. तिसऱ्या वर्षाच्या मुलांची दहा गुणांची चाचणी मी घेतली होती आणि एका रविवारी दुपारी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. प्रश्न सोपा होता. एका दिव्याचे बटण आहे. बटणाच्या आत दातेरी चाक आहे आणि त्याला चार जागा आहेत. प्रत्येक दाबाला चाक एक जागा पुढे सरकते, चौथीनंतर पुन्हा पहिली येते. पहिल्या जागी दिवा बंद, दुसऱ्या जागी चालू, तिसऱ्या जागी बंद, चौथ्या जागी चालू. या यंत्राला खरोखर किती अवस्था लागतात, ते दाखवा.

उत्तर दोन, हे शाळकरी पोरही सांगेल. दिवा बंद असणे आणि दिवा चालू असणे. पण मला उत्तर नको होते, रीत हवी होती. एका मुलाने उत्तरपत्रिकेवर जिन्याच्या पायऱ्यांसारखा तक्ता काढला होता. पहिली आणि तिसरी जागा एकच का, तर त्या घरात त्याने लिहिले होते, ‘दुसरी-चौथी’. दुसरी आणि चौथी एकच का, तर त्या घरात लिहिले होते, ‘तिसरी-पहिली’. आणि खाली निष्कर्ष : म्हणून दोन्ही जोड्या समतुल्य.

मी लाल पेनाने शेरा मारला : ‘जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले आहे.’ दहापैकी चार गुण दिले. मुलगा अबोल होता. त्याने शेरा वाचला, उत्तरपत्रिका घडी करून परत दिली आणि जागेवर जाऊन बसला. त्याचे उत्तर पूर्ण बरोबर होते. हे मला कळले पुढच्या सत्रात, आणि ते का बरोबर होते हे नीट उमगायला मला त्या तक्त्याच्या जन्मकथेपर्यंत मागे जावे लागले. प्रस्तुत लेख त्या शोधाविषयी आहे.

*

यंत्राची ‘अवस्था’ हा शब्द आज संगणकशास्त्राचा वाटतो, पण तो रुजला टेलिफोनच्या रिलेंमध्ये. रिले म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडझाप करणारा स्विच. क्लॉड शॅनन यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात दाखवले की रिलेंच्या जोडण्या तर्काच्या बीजगणितात मांडता येतात. अमुक स्विच बंद आणि तमुक उघडा, तर दिवा लागेल, अशी विधाने कागदावर सोडवता येऊ लागली. पण त्या बीजगणितात काळ नव्हता. टेलिफोनच्या तबकडीवर सात फिरवला की तारेवरून सात ठोके येतात. सहावा ठोका आणि सातवा ठोका दिसायला सारखेच. आधी किती ठोके येऊन गेले हे कुणीतरी लक्षात ठेवले, तरच सातव्याचा अर्थ लागतो. ते लक्षात ठेवण्याचे काम रिले करतात. त्या क्षणी यंत्राच्या पोटात भूतकाळाचा जेवढा भाग शिल्लक आहे, ती त्याची अवस्था.

या स्मरणशील जोडण्यांची पद्धतशीर रचना कशी करावी, हा प्रश्न डेव्हिड हफमन यांनी एम.आय.टी.मधल्या आपल्या डॉक्टरेटसाठी घेतला. हे तेच हफमन, ज्यांनी विद्यार्थी असताना १९५१ साली एका अभ्यासक्रमाच्या अंतिम परीक्षेऐवजी निबंध लिहिण्याचा पर्याय घेतला आणि त्या निबंधातून आज जगभर वापरली जाणारी, माहिती आटोपशीर करण्याची संकेतपद्धत दिली. रिलेंविषयीचे त्यांचे काम १९५४ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये ‘जर्नल ऑफ द फ्रँकलिन इन्स्टिट्यूट’ या नियतकालिकात दोन भागांत छापून आले. त्यांनी यंत्राचे वर्णन तक्त्यात मांडले. डावीकडे अवस्था, वर येणारे संदेश, आणि प्रत्येक चौकोनात ‘यानंतर कुठे जायचे’. एकदा असा तक्ता झाला की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : यातल्या काही ओळी दोनदा तर लिहिल्या गेल्या नाहीत ना?

त्या का लिहिल्या जातात, हे एका उदाहरणाने पाहू. एक यंत्र आहे. त्याला दोन बटणे, लाल आणि हिरवे. लागोपाठ लाल, हिरवे, लाल असे दाबले गेले की शेवटच्या लालला घंटा वाजते. एरवी ती गप्प असते. लाल-हिरवे-लाल-हिरवे-लाल दाबले तर घंटा दोनदा वाजावी.

नवखा माणूस हे कसे मांडेल? तो म्हणेल, शेवटचे दोन दाब लक्षात ठेवावे लागतील, तेव्हा तेवढे सगळे लिहून काढू. अजून काहीच दाबलेले नाही, ही अवस्था अ. एकच दाब झाला आहे आणि तो हिरवा, ही ब. एकच आणि लाल, ही क. त्यानंतर शेवटचे दोन दाब हिरवा-हिरवा असतील तर ड, हिरवा-लाल तर इ, लाल-हिरवा तर फ, लाल-लाल तर ग. अवस्था सात झाल्या. आता कुठून कुठे जायचे ते लिहू :

अ : हिरवे दाबले तर ब, लाल दाबले तर क
ब : हिरवे दाबले तर ड, लाल दाबले तर इ
क : हिरवे दाबले तर फ, लाल दाबले तर ग
ड : हिरवे दाबले तर ड, लाल दाबले तर इ
इ : हिरवे दाबले तर फ, लाल दाबले तर ग
फ : हिरवे दाबले तर ड, लाल दाबले तर इ, आणि घंटा वाजते
ग : हिरवे दाबले तर फ, लाल दाबले तर ग

या मांडणीत चूक काही नाही. घंटा हवी तेव्हाच वाजेल. पण एका रिलेला दोन स्थिती, दोघांना मिळून चार, तिघांना आठ. सात अवस्थांना तीन रिले लागतात. अवस्था चारवर आल्या तर दोन पुरतात. टेलिफोन केंद्रात तीच जोडणी शेकडो वेळा बसवायची असते, तेव्हा जोडणीमागे एक रिले वाचला तरी एकूण फरक मोठा पडतो.

*

दोन अवस्था ‘एकच’ आहेत, म्हणजे नेमके काय? तक्त्यातल्या ब आणि ड या ओळी पाहा. दोन्हींत हिरव्याला ड, लालला इ, घंटा नाही. त्या उघडच एक आहेत. पण अ आणि ब? एकीत ब आणि क लिहिले आहे, दुसरीत ड आणि इ. दिसायला वेगळ्या. केवळ सारखे दिसण्यावर विसंबलो तर अशा जोड्या निसटतात.

या प्रश्नाला उत्तर दिले एडवर्ड मूर यांनी. ते बेल प्रयोगशाळेत होते. शॅनन आणि जॉन मॅकार्थी यांनी संपादित केलेल्या ‘ऑटोमॅटा स्टडीज’ या १९५६ च्या ग्रंथात त्यांचा निबंध आहे. निबंधाच्या शीर्षकात त्यांनी ‘गेडांकन’ हा जर्मन शब्द वापरला. भौतिकशास्त्रात मनातल्या मनात करायच्या प्रयोगाला तो लावतात. मूर यांची कल्पना अशी : यंत्र बंद पेटीत आहे. पेटी उघडायची नाही. बटणे दाबायची, काय बाहेर येते ते लिहायचे, बस्स. अशा पेटीत यंत्र एका अवस्थेत आहे की दुसऱ्या, हे कोणताही दाबांचा क्रम वापरून, कितीही लांब, ओळखता येत नसेल, तर त्या दोन अवस्था समतुल्य.

या व्याख्येचा रोख लक्षात घ्यायला हवा. समतुल्यता सिद्ध करणारा असा कोणताही एक प्रयोग नाही. एकदा बटण दाबून ‘पाहा, या दोन्ही एकच आहेत’ असे दाखवता येत नाही. दाखवता येतो तो फक्त फरक. फरकाला पुरावा असतो : अमुक क्रमाने बटणे दाबा, एकीकडे घंटा वाजेल, दुसरीकडे वाजणार नाही. समतुल्यता म्हणजे असा पुरावा मुळातच अस्तित्वात नसणे.

म्हणून मूर यांची रीत उलट दिशेने चालते. सुरुवातीला काहीच वेगळे मानायचे नाही. मग एका दाबात ज्यांचा फरक दिसतो त्यांना वेगळे काढायचे. आमच्या यंत्रात फ एकटी बाजूला जाते, कारण लालला तिथेच घंटा वाजते. उरलेल्या सहांचा एक गट. मग दोन दाबांत कुणाचा फरक दिसतो ते पाहायचे. क, इ आणि ग यांतून हिरवे दाबले की आपण फमध्ये जातो. अ, ब आणि ड यांतून जात नाही. म्हणून गट फुटतो. तीन गट झाले : अ-ब-ड, क-इ-ग, आणि एकटी फ. तीन दाबांनी आणखी कुणी फुटते का? नाही. एक फेरी कोरडी गेली की पुढे काहीच फुटत नाही, हेही मूर यांनी ओळखले. सात अवस्थांच्या जागी तीन पुरल्या. यंत्राला खरे तर एवढेच आठवावे लागते : शेवटचा दाब लाल होता; शेवटचे दोन लाल-हिरवे होते; किंवा यांपैकी काहीच नाही. ‘अजून काही दाबलेच नाही’ ही गोष्ट लक्षात ठेवायची गरजच नव्हती.

मी विद्यार्थी असताना ही गट फोडण्याची रीत शिकलो होतो. तीच शिकवत होतो. जिन्याचा तक्ता माझ्या वहीत नव्हता. त्या मुलाने तो कुठल्या तरी पुस्तकातून स्वतः उचलला होता, आणि माझा गोंधळ नेमका तिथे झाला.

*

तो तक्ता आला १९५९ साली. मार्व्हिन पॉल आणि स्टीफन अंगर या बेल प्रयोगशाळेतल्या दोघांनी त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेच्या संगणकविषयक नियतकालिकात निबंध लिहिला. त्यांची खरी अडचण आमच्या घंटेच्या यंत्रापेक्षा अवघड होती. तिच्याकडे मी नंतर येतो. आधी तक्ता. इंग्रजी पुस्तके त्याला इम्प्लिकेशन टेबल म्हणतात, म्हणजे ‘हे खरे असायचे तर आणखी काय खरे असावे लागेल’ याचा तक्ता.

डावीकडे खाली उतरत ब ते ग लिहा, तळाशी अ ते फ. प्रत्येक जोडीला एक घर मिळते आणि आकार जिन्यासारखा होतो. सात अवस्थांच्या जोड्या एकवीस, म्हणून घरे एकवीस. पहिले काम : ज्या जोडीचा फरक एकाच दाबात दिसतो तिच्या घरात फुली. इथे फ ज्या ज्या घरात आहे अशी सहा घरे फुलीची. पंधरा उरली.

दुसरे काम : उरलेल्या प्रत्येक घरात अट लिहायची. अ-ब या घरात पाहा. हिरवे दाबले तर अ जाते बकडे आणि ब जाते डकडे. म्हणून लिहा ब-ड. लाल दाबले तर अ जाते ककडे, ब जाते इकडे. लिहा क-इ. अर्थ असा : अ आणि ब समतुल्य असायच्या तर ब-ड आणि क-इ याही समतुल्य असाव्या लागतील. ब-ड या घरात लिहायलाच काही नाही, कारण दोघी हिरव्याला डकडे आणि लालला इकडेच जातात. ते घर कोरे.

तिसरे काम : फुल्या पसरवायच्या. एखाद्या घरातली अट ज्या घराकडे बोट दाखवते तिथे फुली असेल, तर इथेही फुली. अ-क पाहा. हिरव्याला अ जाते बकडे आणि क जाते फकडे, म्हणून अट ब-फ. ब-फवर फुली आहे, म्हणून अ-कवरही फुली. याच रीतीने नऊ घरे जातात. सहा उरतात : अ-ब, अ-ड, ब-ड, क-इ, क-ग, इ-ग. पुन्हा सगळा तक्ता तपासायचा. नवी फुली पडत नाही असे दिसले की थांबायचे. उरलेली घरे समतुल्य जोड्यांची. गट तेच निघाले, जे मूर यांच्या रीतीने निघाले होते.

इथे ‘फुली पडली नाही म्हणून एकच’ हे म्हणताना कुणाच्या मनात शंका येत नाही, कारण या उदाहरणात अटी शेवटी कोऱ्या घरांवर जाऊन टेकतात. अ-ब टेकते ब-ड आणि क-इवर, आणि ती दोन्ही कोरी. पायाखाली जमीन आहे असे वाटते. दिव्याच्या यंत्रात ती जमीन नाही. पहिली-तिसरी टेकते दुसरी-चौथीवर, आणि दुसरी-चौथी टेकते पुन्हा तिसरी-पहिलीवर. दोन माणसांनी एकमेकांना जामीन राहावे, तसे. हे मला पटेना, आणि मी लाल पेन उचलले.

पुढच्या सत्रात झ्वी कोहावी यांच्या पुस्तकाची भारतीय आवृत्ती हाती आली आणि त्यात मला तसाच तक्ता भेटला. मी दिव्याचे यंत्र घेतले आणि त्या मुलाचे उत्तर चूक ठरवायला बसलो. चूक ठरवायचे म्हणजे काय करायचे, असा विचार केला, तेव्हा उलगडा झाला.

समजा पहिली आणि तिसरी जागा वेगळ्या आहेत. मग त्यांचा फरक दाखवणारी दाबांची काही संख्या असलीच पाहिजे. अशा संख्यांपैकी सर्वांत लहान घेऊ. ती शून्य नाही, कारण दोन्हीकडे दिवा बंद आहे. म्हणून एक दाब देऊ. आता आपण दुसरी-चौथी या जोडीवर आलो, आणि फरक दिसायला एक दाब कमी उरला. इथेही फरक लगेच दिसत नाही, कारण दोन्हीकडे दिवा चालू आहे. आणखी एक दाब. आपण तिसरी-पहिली या जोडीवर आलो. ही तर आपली मूळचीच जोडी, आणि फरक दिसायला आता दोन दाब कमी उरले. म्हणजे जी सर्वांत लहान संख्या धरली होती, तिच्याहून दोनने लहान संख्येत तोच फरक दिसतो. हे अशक्य. म्हणून फरक नाहीच.

माझी चूक आता मला दिसत होती. एकमेकांना जामीन राहणारे दोघे खरेपणा सिद्ध करू शकत नाहीत, हे खरे आहे. पण इथे खरेपणा सिद्ध करायचाच नव्हता. इथे पुरावा द्यायची जबाबदारी फरकावर होती. फरक कुठेतरी प्रत्यक्ष दिसला पाहिजे, एखाद्या घरात पहिली फुली पडली पाहिजे, आणि तिथून ती अटींच्या वाटेने मागे मागे पसरली पाहिजे. ज्या वर्तुळात बाहेरून एकही फुली शिरत नाही, त्यात फरक जन्मालाच येऊ शकत नाही. मूर यांची गट फोडण्याची रीतही नेमके हेच करते. फक्त तिथे सगळे आधीपासून एकत्र असल्यामुळे वर्तुळ डोळ्यांना दिसत नाही. मी दोन वर्षे जे बिनदिक्कत शिकवत होतो, तेच त्या मुलाने दुसऱ्या बाजूने लिहिले होते.

*

फुली खरोखर कशी पसरते ते पाहण्यासाठी त्याच बटणाला चारऐवजी सहा जागा द्या : बंद, चालू, बंद, चालू, बंद, चालू. तक्त्यात अटींची लांब माळ होते. १-३ टेकते २-४वर, २-४ टेकते ३-५वर, ३-५ टेकते ४-६वर, ४-६ टेकते ५-१वर, आणि माळ फिरून पुन्हा पहिल्या घराशी येते. फुली नाही, वर्तुळ शाबूत, दोन अवस्था पुरतात.

आता सहाव्या जागेची पट्टी झिजली आणि तिथे दिवा लागेनासा झाला असे धरा. चौथ्या जागी दिवा चालू, सहाव्या जागी बंद, म्हणून ४-६ या घरात पहिल्याच पाहणीत फुली येते. पण तक्ता १-३पासून वाचत निघालो, तर १-३मध्ये अट आहे २-४ची. तिथे अजून फुली नाही. २-४मध्ये अट आहे ३-५ची, तिथेही नाही. ३-५मध्ये अट आहे ४-६ची. तिथे फुली आहे, म्हणून ३-५वर फुली. पहिली फेरी इथे संपते. दुसऱ्या फेरीत २-४वर फुली येते आणि तिसऱ्या फेरीत १-३वर.

विद्यार्थ्यांची सर्वांत नेहमीची चूक हीच. ते एक फेरी मारून थांबतात आणि १ व ३ एकत्र करतात. असे यंत्र बांधले तर ते पहिल्या चाचणीत बहुधा उत्तीर्ण होते. एकदा दाबा, दिवा लागतो. दोनदा दाबा, विझतो. फरक कळतो तिसऱ्या दाबाला : पहिल्या जागेवरून निघालेला माणूस चौथ्या जागी उजेडात असतो, तिसऱ्या जागेवरून निघालेला सहाव्या जागी अंधारात. किती दाबांपर्यंत तपासले की निर्धास्त व्हावे, याचेही उत्तर मूर यांनी दिले आहे. यंत्राच्या अवस्थांच्या संख्येतून एक वजा करा. फरक असेल तर तेवढ्या दाबांत तो दिसतोच. सहा जागांना पाच दाब. तक्त्याच्या बाबतीत खूण आणखी सोपी : एक पूर्ण फेरी नव्या फुलीशिवाय गेली पाहिजे. पडलेली फुली कधी पुसली जात नाही आणि घरे मोजकीच असतात, म्हणून अशी फेरी येणारच.

यंत्र मोठे झाले की मात्र तक्ता हातात मावत नाही. हजार अवस्थांना ४,९९,५०० घरे लागतात. १९७१ साली जॉन हॉपक्रॉफ्ट यांनी जोड्या न मांडता गटच फार थोड्या श्रमात फोडत जाण्याची रीत दिली आणि संगणकांनी ती उचलली. कागद-पेन्सिलीच्या मापाच्या यंत्रांना तक्ता आजही पुरतो.

*

आता पॉल आणि अंगर यांची खरी अडचण. टेलिफोनचा रिसीव्हर जागेवर ठेवलेला असताना तबकडीचे ठोके येऊ शकत नाहीत. मग तक्त्यातल्या त्या चौकोनात काय लिहायचे? काहीही लिहिले तरी चालेल, कारण ती वेळ येणारच नाही. रचनाकार तो चौकोन मोकळा सोडतो. मोकळा चौकोन ही सवलत आहे. तो हवा तसा भरून अवस्था आणखी कमी करता येतात.

पण या सवलतीबरोबर एक गोष्ट हातची जाते. त, थ आणि द अशा तीन अवस्था घ्या. एका विशिष्ट दाबाला तमध्ये घंटा वाजते, दमध्ये वाजत नाही, आणि थमध्ये चौकोन मोकळा आहे. त-थ घरात फुली पडत नाही. थ-द घरातही पडत नाही. त-द घरात मात्र पहिल्याच पाहणीत फुली आहे. थ दोघींशीही जुळते, पण त्या दोघी एकमेकींशी जुळत नाहीत. गप्प बसलेला माणूस भांडणाऱ्या दोघांनाही आपल्याच बाजूचा वाटतो, तशातली गत. म्हणून पॉल-अंगर यांच्या मांडणीत फुली न पडलेल्या जोडीला ‘समतुल्य’ म्हणता येत नाही, फक्त ‘जुळणाऱ्या’ म्हणता येते. थला तबरोबर ठेवले की तिचा मोकळा चौकोन ‘वाजते’ असा कायमचा भरला जातो, आणि त्या निवडीचे ओझे बाकीच्या घरांतल्या अटींवर पडते. जुळणाऱ्या जोड्यांतून कोणते गट निवडावेत, म्हणजे सगळ्या अटी पाळूनही संख्या सर्वांत कमी होईल, याचा शोध घ्यावा लागतो. सगळे चौकोन भरलेल्या यंत्रात उत्तर एकच असते आणि तक्ता ते सरळ हाती देतो. मोकळे चौकोन आले की तक्ता फक्त शक्यता दाखवतो. हा प्रश्न सर्वसाधारणपणे किती अवघड आहे, हे १९७३ साली चार्ल्स फ्लीगर यांनी दाखवले : ज्यांच्यासाठी हमखास जलद रीत कुणालाच सापडलेली नाही, अशा प्रश्नांच्या वर्गात तो मोडतो.

हे सगळे समजल्यावर मी शिकवण्याची रीत बदलली. फळ्यावर पहिला तक्ता काढतो तो दिव्याचा, घंटेचा नंतर. दोन घरांत एकमेकांची नावे लिहितो आणि वर्गाला विचारतो, इथे फुली टाकायची का? दरवर्षी कुणीतरी म्हणते, सर, हे तर गोल गोल फिरतेय, सिद्ध कुठे झाले? त्यांना मी लगेच उत्तर देत नाही. फरक दाखवून द्या, असे सांगतो, आणि खडू त्यांच्या हाती देतो.

चाचणीचे गुण तेव्हाच कार्यालयात गेले होते. सत्र संपले होते, यादी बंद झाली होती. त्या मुलाला मी गाठले ते निकालानंतर, महाविद्यालयाच्या सायकल स्टँडजवळ. म्हणालो, तुझे दिव्याचे उत्तर बरोबर होते, चूक माझी होती. तो थोडा वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, “सर, मला वाटलंच होतं. पण का बरोबर आहे, ते मलाही सांगता आलं नसतं.” मी त्याच्या वहीच्या मागच्या पानावर सर्वांत लहान संख्येचा तो युक्तिवाद लिहून दाखवला. त्याने तो दोनदा वाचला, वही कॅरिअरला लावली आणि निघून गेला.